ख्यालातील बढत आणि ध्रुपदातील आलापी: क्रम एकच की दोन?

षड्जप्रेमी:
बडा ख्याल संथ आलापाने सुरू होतो आणि गायन शेवटी द्रुत तानांवर जाते. ध्रुपदातही आलाप, जोड, झाला असा संथाकडून द्रुताकडे जाणारा क्रम आहेच. मग ख्यालाने हा आराखडा ध्रुपदाकडूनच घेतला असे म्हणावे का? आणि तसे असेल, तर मुक्त आलाप सोडून तो ठेक्यावर गाण्यात काय साधले?

अनुनाद:
दिशा एकच असली तरी ही चढण गायनात कुठे येते, हे पाहिले की फरक लगेच उघड होतो. ध्रुपदात नोमतोमची आलापी, मग जोड आणि झाला, अशी सगळी चढण पखवाजावर थाप पडण्याआधीच पूर्ण झालेली असते. त्यानंतर चौतालात किंवा धमारात बंदिश सुरू होते ती पुन्हा मध्य लयीत, म्हणजे गायक एकदा शिखरावर जाऊन आलेला असतो आणि दुसऱ्यांदा वेगळ्या वाटेने निघतो. ख्यालात मात्र सुरुवातीला थोडासा आलाप करून गायक मुखडा घेतो आणि सम गाठतो. तिथून शेवटच्या तानेपर्यंत जे काही घडते ते आवर्तनाच्या आत घडते.

ठेक्यावर काय साधले, हे यमनातल्या विलंबित एकतालावर पाहू. एक मात्रा 4 सेकंदांची धरली, तर 12 मात्रांचे आवर्तन 48 सेकंदांचे होते. मुखडा अकराव्या मात्रेपासून उचलायचा असेल, तर शेवटचे 8 सेकंद त्याचे, आणि रागविस्तारासाठी उरतात साधारण 40 सेकंद. पहिल्या काही आवर्तनांत गायक मंद्र निषाद आणि षड्ज यांच्या आसपास राहून ऋषभाला स्पर्श करतो. मग ‘नि रे ग’ करत गंधारावर येतो आणि पंचम हेतुपुरस्सर राखून ठेवतो. ध्रुपदिया याच गंधारावर मन भरेपर्यंत थांबू शकतो, कारण मोहरा घेऊन तो टप्पा कधी मिटवायचा हे त्याच्या हाती असते. ख्यालियाला नवव्या मात्रेच्या सुमारास परतीची वाट धरावीच लागते आणि गंधाराविषयी जे सांगायचे राहिले ते पुढच्या आवर्तनात, पण वेगळ्या बाजूने येऊन, सांगावे लागते. या सक्तीतूनच ख्यालाची बढत घडली आहे. तालाशिवायचा आलाप उचलून ठेक्यावर ठेवल्याने ती होत नाही.

हे जमले नाही तर श्रोत्यालाही कळते. दहाव्या मात्रेवर आलाप एकाएकी आवळला जातो आणि मुखड्याचे शब्द गिळले जातात; किंवा सातव्या मात्रेलाच सांगण्यासारखे संपते आणि उरलेल्या मात्रा नुसत्या भरल्या जातात.

लयदार:
विवेचन पटले, पण ध्रुपदाला आपण जास्त श्रेय देत आहात असे वाटते. ध्रुपदाच्या बंदिशीत लय वाढतच नाही. ठेका तसाच राहतो आणि गायक तेच शब्द दुगुन, तिगुन, चौगुन करून म्हणतो. हे गणित आधीच बसवलेले असते, त्यात उपज कुठे आहे? ख्यालात आलापानंतर बोलआलाप, मग बोलतान, मग आकाराची तान, असा वेग विस्तारातून आपोआप उगवतो. म्हणून संथाकडून द्रुताकडे जाणारी खरी रचना ख्यालाचीच आहे असे माझे मत आहे.

पखवाजी:
बंदिशीच्या एका आवर्तनापुरते आपले म्हणणे बरोबर आहे, संपूर्ण गायनापुरते नाही. चौताल किंवा धमार झाल्यावर पुष्कळ गायक सूलतालातली बंदिश घेतात; तिच्या 10 मात्रा चढ्या लयीत चालतात आणि तिथे एकूण गायन द्रुतात गेलेलेच असते. दुगुन-चौगुन हे लयकारीचे सर्वात साधे रूप झाले. चांगला ध्रुपदिया बोल मोडून, आडीत टाकून, समेला मुद्दाम हुलकावणी देत गातो, आणि पखवाजी त्याच्याबरोबर त्याच क्षणी साथ जुळवत असतो. त्याला बसवलेले गणित म्हणणे अन्यायाचे होईल.

शिवाय ध्रुपद म्हणजे केवळ डागरांची दीर्घ आलापी नव्हे. दरभंगा परंपरेत आलाप तुलनेने आटोपशीर असतो आणि बंदिशीवरच्या लयकारीला बराच वाव असतो. ‘आधी सगळी चढण, मग बंदिश’ हे अनुनाद यांचे चित्र डागर परंपरेला जास्त लागू पडते.

अनुनाद:
हे मान्य आहे. दरभंग्याच्या गायनात दुसरी चढण पहिलीइतकीच मोठी असते, आणि मी ते सांगायला हवे होते.

स्वरसाधना:
मी ख्याल शिकते. तानपुऱ्यावर नुसता आलाप मला बरा जमतो, पण ठेका सुरू झाला की लक्ष सगळे मात्रा मोजण्यात जाते आणि रागच हातातून सुटतो. या चर्चेवरून असे दिसते की आधी ध्रुपद शिकून मगच ख्यालाकडे वळावे. ते योग्य होईल का?

पखवाजी:
येथे कोणी तसे सुचवलेले नाही, आणि आपली अडचण ध्रुपदाने सुटेल असेही वाटत नाही, कारण ध्रुपदाचा आलाप आपल्याला पुन्हा तालाशिवायच गायला मिळेल. मात्रा मोजण्याऐवजी ठेक्याचे बोल ऐका. एकतालात ‘तिरकिट’ दोनदा येते, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर. दुसरे ‘तिरकिट’ ऐकू आले की मुखडा जवळ आला, एवढी खूण धरून गायला लागा. बाकीचे आपल्या गुरूंना विचारावे हे बरे.

तानपलटा:
मूळ प्रश्नाकडे परत येतो, आणि अनुनाद यांच्या मुख्य मुद्द्याला माझा विरोध आहे. त्यांनी मात्रा 4 सेकंदांची धरली. अतिविलंबितात ती 5 सेकंदांचीही होते आणि आवर्तन एका मिनिटाचे. आता त्यात तान घ्या. सेकंदाला 8 स्वरांची तान घेतली, तर एका मात्रेत 40 स्वर बसतात. त्या तानेचा मात्रेशी कोणता संबंध कानाला जाणवतो? गायक तान घेत राहतो, अंदाजाने थांबतो आणि मुखडा पकडतो. याउलट मिनिटाला 240 मात्रांच्या द्रुत त्रितालात तीच तान मात्रेला बरोबर 2 स्वर अशी बसते आणि 16 मात्रांचे आवर्तन 4 सेकंदांत संपते, त्यामुळे प्रत्येक सम टोचते. अतिविलंबितात ताल नावापुरता उरतो. तसेच गायचे, तर ध्रुपदियाप्रमाणे मुक्त आलाप करणे अधिक प्रामाणिक आहे. आग्रा घराण्यात फैयाज खाँसाहेब ख्यालाआधी नोमतोम करीत आणि मग बंदिश नेटक्या लयीत बांधून गात. मला ती मांडणी तर्काला धरून वाटते. ग्वाल्हेरवाल्यांनीही विलंबित इतके ताणले नाही, म्हणून त्यांची बोलतान ठेक्यावर स्पष्ट बसते.

अनुनाद:
तानेपुरते आपले गणित बिनतोड आहे, आणि याच कारणाने अनेक गायक ताना सुरू करण्याआधी विलंबिताची लय थोडी चढवतात. आलापीबाबत मात्र मी सहमत नाही. अमीर खाँसाहेबांचा झूमरा ऐका. मात्रा इतकी लांब की तबल्याने ती भरली नाही तर ठेका लक्षातही राहू नये, आणि तरीही मुखडा समेकडे झुकू लागतो तेव्हा आधीचा सगळा आलाप त्या दिशेने ओढला जातो. हा ताण मुक्त आलापात निर्माण होत नाही. तिथे दुसरा, वेगळा ताण असतो.

तानपलटा:
तो ताण मुखड्याचा आहे, तालाचा नाही. ठेका काढून टाकून ठरावीक अंतराने मुखडा घेतला, तरी तो जाणवेल.

अनुनाद:
ते ठरावीक अंतर कोण ठरवणार? तबलाच ना.

षड्जप्रेमी:
ग्वाल्हेरच्या तिलवाड्यातले आणि किराण्याच्या एकतालातले विलंबित एकाच रागात लागोपाठ ऐकून पाहतो, आणि दोन्हींत मुखडा कितव्या मात्रेवर उचलला जातो तेही टिपून ठेवतो.