मदत हवी आहे: ई-स्कूटरच्या तीन व्हर्जनना नावं कशी द्यावीत? (रेंज आणि वेग नावातून कळायला हवा)

गिअरलेस
आमच्या स्कूटरची तीन व्हर्जन येताहेत. मुख्य नाव ठरलंय, ते इथे देत नाही. त्याच्यामागे काय लावायचं यावर गाडी अडली आहे. लाइट, प्लस, प्रो नको, सगळेच वापरतात. नाव ऐकल्यावर गिऱ्हाइकाला रेंज आणि वेग दोन्हींचा अंदाज यावा. सध्या ५०, ६५, ८५ असं डोक्यात आहे. बॅजच्या साच्याची ऑर्डर सोमवारी द्यायची आहे, तेव्हा कृपया नेमकं सांगा.

सांगवीकर
५०, ६५, ८५ म्हणजे काय? किलोमीटर की ताशी किलोमीटर?

गिअरलेस
वेग. उघड आहे ना.

सांगवीकर
इथेच उघड नाही, तर शोरूममध्ये कसं असेल? "८५" वाचून निम्मे लोक म्हणतील, एका चार्जमध्ये ८५ जाते. आपल्याकडच्या स्कूटरचा टॉप स्पीड साधारण ५० ते १०० मध्ये आणि रेंज साधारण ६० ते १५० मध्ये. दोन्ही आकडे एकाच पट्ट्यात पडतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून कुठला कुठला ते कळतच नाही. त्यात ११०, १२५, १५० हे आकडे सीसीचे म्हणून पाठ झालेले. रेंजवरून "१२५" नाव दिलंत तर "म्हणजे सव्वाशे सीसीच्या बरोबरीची का?" हा प्रश्न पक्का समजा.

वाऱ्यावरची_वरात
आकडे कशाला? मराठी नावं द्या. झुळूक, वारा, वादळ. ऐकताक्षणी वेगाची पायरी कळते, वेगळं समजवावं लागत नाही. बॅजवर देवनागरीत किती देखणी दिसतील!

कंट्रोलर_काका
नाव सुचवण्याआधी माहिती पूर्ण द्या. तिन्हींची बॅटरी किती? मोटर एकच आहे का? रेंज कुठली सांगताय, सर्टिफिकेटवरची की रस्त्यावर मोजलेली? आणि तिन्ही नोंदणीवाल्या आहेत की एखादी २५ च्या आतली?

मेघना_प
धाग्याचा विषय थोडा वेगळा आहे, पण विचारते. माझ्या स्कूटरची रेंज तीन वर्षांत ९० वरून ७५ वर आली. बॅटरी बदलायची का? वॉरंटीत बसेल का?

गिअरलेस
तिन्ही नोंदणीवाल्या.
अ: बॅटरी २ किलोवॉट-अवर, वेग ५०, सर्टिफिकेटवर ८५ किमी.
ब: ३ किलोवॉट-अवर, वेग ६५, सर्टिफिकेटवर १२५.
क: ३ किलोवॉट-अवर, मोटर मोठी, वेग ८५, सर्टिफिकेटवर १२१.
क सगळ्यात महाग आहे, त्यामुळे तिचं नाव सगळ्यात भारी वाटलं पाहिजे.

कंट्रोलर_काका
खरी अडचण ही आहे आणि तुम्ही ती आत्ता सांगताय. तुमची शिडी सरळ नाही. अ वरून ब वर गेलं की रेंज आणि वेग दोन्ही वाढतात. ब वरून क वर गेलं की वेग वाढतो, पण रेंज घटते. म्हणजे चढत्या क्रमाचं कुठलंही नाव, मग ते प्रो असो, वादळ असो की ५०-६५-८५ असो, क घेणाऱ्याला सांगणार की हिच्यात सगळंच जास्त आहे. तो घरी जाऊन मोजेल आणि दुसऱ्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरला येऊन उभा राहील.

कागदावर १२५ आणि १२१ हा फरक किरकोळ दिसतो, त्याला कारण आहे. आपल्याकडच्या टेस्ट सायकलमध्ये कमाल वेग ४२ आणि सरासरी २२ च्या आसपास असतो. क चा ८५ त्या चाचणीत कधी वापरलाच जात नाही. रस्त्यावर हिशेब असा: ३ किलोवॉट-अवरपैकी हाताशी येतात साधारण २.७. एकटा माणूस ४५ च्या वेगाने सपाट रस्त्यावर गेला तर किलोमीटरला २७ वॉट-अवरच्या आसपास जातात, म्हणजे १०० किमी. तीच गाडी ८० ने पळवली की हवेचा अवरोध तिपटीहून थोडा जास्त होतो, खर्च ४५ वर जातो आणि रेंज ६० वर येते. क घेणारा माणूस ती पळवायलाच घेणार. म्हणून क च्या नावात १२१ किंवा १२० नकोच.

डीलर_कराड
गिऱ्हाईक एवढं विचारत नाही हो. त्याचा पहिला प्रश्न "किती जाते?", दुसरा "किती पळते?", तिसरा हप्ता. नावात रेंजचा आकडा असला की विकणाऱ्याचं अर्धं काम होतं. सर्टिफिकेटचा आकडाच टाका, तो सरकारमान्य आहे, कोण काय बोलणार?

कंट्रोलर_काका
जाहिरातीत तो आकडा देताना "चाचणीच्या परिस्थितीत" अशी ओळ सोबत टाकता येते. बॅजवर टाकता येते का? गाडीच्या अंगावर कोरलेला १२५ हा आकडा तिसऱ्या वर्षीही १२५ च सांगत राहतो. वर मेघनाताईंनी विचारलंय तेच बघा: ९० वरून ७५ म्हणजे सतरा टक्क्यांच्या आसपास घट. नाव रेंजवर ठेवलं असतं तर त्यांच्या गाडीचं नावच आज खोटं ठरलं असतं.

मेघनाताई, बहुतेक वॉरंट्यांमध्ये ठरावीक टक्क्यांखाली क्षमता गेली तरच बॅटरी बदलून मिळते. तो टक्का तुमच्या वॉरंटी कार्डावर असेल. रेंजवरून ते ठरत नाही, सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या क्षमतेचा रिपोर्ट मागा. त्याआधी टायरमधली हवा आणि ब्रेक घासतोय का ते बघून घ्या.

सांगवीकर
मग बॅटरीवरून नाव द्या. आकुर्डीच्या चेतकचं बघा: २९०१ मध्ये २.९ ची बॅटरी, ३५०१ मध्ये ३.५ ची. पहिले दोन अंक बॅटरीचे. सेल जुने झाले तरी मूळ क्षमतेचा आकडा खोटा पडत नाही.

डीलर_कराड
तिथेही शेवटच्या अंकावरून वेग कळत नाही. ३५०१ चा टॉप स्पीड ७३ आणि ३५०३ चा ६३. गिऱ्हाइकाला वाटतं ३ हा १ पेक्षा मोठा, म्हणजे जास्त पळत असेल.

सांगवीकर
बरोबर, म्हणून अर्धीच पद्धत उचलायची. बॅटरीला आकडा, वेगाला अक्षर.

वर्ग_१२
नुसत्या आकड्यांवर ट्रेडमार्क मिळत नाही, तेव्हा आकड्यांचा नाद सोडा.

कायदेशीर_बाब
हे अर्धवट आहे. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ मधल्या "मार्क"च्या व्याख्येत अक्षरं आणि अंक दोन्ही येतात. अडचण कलम ९ ची आहे: जे चिन्ह मालाचा गुण किंवा परिमाण नुसतं वर्णन करतं त्यावर हरकत निघते. म्हणजे रेंज सांगणारा आकडा जितका स्पष्ट, तितकी त्याची नोंदणी अवघड. पण तुम्हाला तो आकडा राखीव करायचाच कशाला? मुख्य नावाचा अर्ज करा, टीएम-ए फॉर्म, वर्ग १२. लघुउद्योग असाल तर ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० रुपये. मागचे आकडे-अक्षरं मोकळी राहू द्या.

गिअरलेस
ट्रेडमार्कचं झालंय, ते मी विचारलं नव्हतं. बॅटरी आणि अक्षर हे पटतंय. मग २०, ३०, ३० आणि पुढे अक्षर?

सांगवीकर
"३०" नको, पुन्हा वेग वाटेल. दशांश चिन्हासह ३.० लिहा. ३.० हा वेग किंवा रेंज म्हणून कोणीच वाचणार नाही. शिवाय एक किलोवॉट-अवर म्हणजे विजेच्या बिलावरचं एक युनिट, हे घराघरात माहीत आहे. "३ युनिटची गाडी" म्हटलं की चार्जिंगचा खर्चही तोंडी निघतो, चार्जरमधली गळती धरून साडेतीन युनिट सांगायची. आयक्यूबमध्येही २.२, ३.४ असंच चालत आलंय.

कंट्रोलर_काका
अक्षरांबाबत: फोनवर पार्ट मागवताना काय ऐकू येईल ते बघा. बी, डी, पी, टी, व्ही एकसारखे ऐकू येतात, एम आणि एनही तसेच. एस आणि एक्समध्ये तर नेहमी घोळ होतो. क आणि ब चे कंट्रोलर वेगळे असणार, चुकीचा आला तर गाडी आठवडाभर उभी. सी आणि एच घ्या, शहरासाठी सी, हायवेसाठी एच. म्हणजे २.० सी, ३.० सी, ३.० एच. अक्षराने वेगाचा अंदाज द्यावा, आकडा देऊ नये. ८५ हा वेग पूर्ण चार्जवर मिळतो. २० टक्क्यांवर व्होल्टेज पडलं की तीच गाडी ७५ च्या पुढे जाताना कुरकुरते. उद्या सॉफ्टवेअरने वेग बदलायचा ठरवलात तर मंजुरीचे कागदही बदलतात. त्यात नावातला आकडा बदलायची भर नको.

आणि सोमवारच्या आधी एक काम करा: होमोलोगेशनच्या, म्हणजे मंजुरीच्या कागदात मॉडेलचं नाव काय भरलंय ते बघा. आरसीवर तेच येतं. बॅजवर "३.० एच" आणि आरसीवर भलतंच असेल तर विम्याच्या क्लेमच्या वेळी गिऱ्हाइकाला हेलपाटे पडतात.

वाऱ्यावरची_वरात
२.० सी म्हणजे औषधाची बाटली वाटते. निदान एचला तरी "वादळ" म्हणा.

सांगवीकर
रंगाचं नाव म्हणून वादळ द्या, राखाडी रंगाला शोभेल. व्हर्जनचं नाव कर्नाटक-तेलंगणातल्या डीलरलाही कळायला हवं.

वाऱ्यावरची_वरात
तिथल्या लोकांना वारा कळत नाही का? नुसत्या अक्षरांवर प्रेम बसत नाही हो.

डीलर_कराड
माझा आक्षेप कायम आहे. ३.० सी आणि ३.० एच शेजारी उभ्या केल्या की गिऱ्हाईक म्हणणार, आकडा तोच, मग १५-२० हजार जास्त कशाचे? नुसता एच एवढे पैसे अंगावर घेणार नाही.

कंट्रोलर_काका
तो फरक चालवून दाखवायचा. ट्रायलला चढाचा रस्ता घ्या आणि मागे माणूस बसवा. मोठी मोटर तिथे कळते, नावात नाही.

डीलर_कराड
सगळे ट्रायल घेत नाहीत. फोनवर बुकिंग करणाऱ्याला काय दाखवू?

गिअरलेस
कागद बघितले. होमोलोगेशनमध्ये "व्ही१, व्ही२, व्ही३" असं भरलंय, म्हणजे आरसीवर तेच येणार. बॅजची ऑर्डर थांबवली. नावाच्या दुरुस्तीसाठी एजन्सीकडे नुसता अर्ज पुरतो की पुन्हा चाचणी लागते? हार्डवेअरमध्ये काहीच बदल नाही.

कंट्रोलर_काका
हार्डवेअर तेच असेल तर सहसा कागदोपत्री एक्स्टेंशनवर भागतं, पण एजन्सीकडून लेखी घ्या. एकही गाडी नोंदणीच्या "वाहन" पोर्टलवर चढायच्या आत करा. पहिल्या गाड्या जुन्या नावाने नोंदल्या गेल्या की एकाच गाडीची दोन नावं बाजारात फिरतात.

मेघना_प
रिपोर्ट मागितला तर सर्व्हिस सेंटर म्हणतंय "असा रिपोर्ट देत नाही". आता?