मदत हवी आहे: बीटा-अलानिनमुळे मुंग्या येतात. डोस किती, आणि हाफ मॅरेथॉनला उपयोग होतो का?

मंदगती: सहा आठवड्यांनी हाफ मॅरेथॉन आहे. वजन ६२ किलो, मागची वेळ १ तास ५२ मिनिटं. शेवटचे ५ किलोमीटर पाय जड होतात म्हणून बीटा-अलानिनची साधी पावडर आणली. धावायच्या अर्धा तास आधी, उपाशीपोटी, डब्यातला एक चमचा (५ ग्रॅम) पाण्यातून घेतो. पंधरा-वीस मिनिटांत कान, मान आणि हातांना मुंग्या नि खाज सुटते, तासाभराने सगळं शांत होतं. ही अ‍ॅलर्जी आहे का? बंद करू?

पळापळ: बंद कशाला? मुंग्या आल्या म्हणजे माल अस्सल आहे आणि लागू पडतोय. त्या येईनाशा झाल्या की डोस वाढवायचा. वेळ मात्र हीच ठेवा, धावण्याआधी अर्धा तास.

जुनाखोड: मला दोन वर्षं तळपायांना मुंग्या यायच्या. बी-१२ कमी निघालं. आधी ते तपासून घ्या.

घड्याळवाला: जुनाखोड, बी-१२ कमी असलं तर मुंग्या बहुधा पायांपासून सुरू होतात आणि टिकून राहतात. इथे त्या डोसच्या मागोमाग येतात आणि तासाभरात जातात, म्हणजे बीटा-अलानिनच. रक्तातली पातळी एकदम चढली की ते त्वचेतल्या काही मज्जातंतूंना थेट चेतवतं. त्यात स्नायूंचा संबंध नाही, म्हणून मुंग्यांवरून 'लागू पडलं' असं ठरवता येत नाही. पळापळ, एवढंच खरं की डब्यात बीटा-अलानिन आहे हे त्यावरून कळतं.

अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं यांतलं काही झालं तर मात्र ते मुंग्यांमध्ये धरू नका. लगेच बंद करून डॉक्टर गाठा.

मुंग्या साधारण किलोमागे १० मिलिग्रॅमच्या पुढे जाणवू लागतात. ६२ किलोला ती रेघ ६०० मिलिग्रॅमच्या आसपास येते, आणि मंदगती त्याच्या आठपट एका घोटात घेतायत! दिवसाला ३.२ ग्रॅम पुरे: ०.८ ग्रॅम चार वेळा, जेवण-खाण्यासोबत. थोडी चुणचुण तरीही होईल. चमच्यावर भरवसा नको, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. चार वेळा जमत नसेल तर सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, पण त्या चावायच्या किंवा कुटायच्या नाहीत; तसं केलं की पुन्हा एकदम चढतं.

पळापळ: मग धावण्याआधीच्या डोसचं काय?

घड्याळवाला: त्या वेळेला काही अर्थ नाही. हे कॅफीनसारखं त्याच दिवशी काम करत नाही. त्यापासून स्नायूत कार्नोसिन बनतं, आणि जोराच्या श्रमात साठणारं आम्ल ते झेलतं. हा साठा भरायला किमान चार आठवडे रोज घ्यावं लागतं. सहा आठवड्यांचे ४२ दिवस धरले तर साधारण १३५ ग्रॅम पावडर लागेल. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. साठा आठवड्यांच्या हिशेबाने उतरतो, एका दिवसाने नाही.

आता मूळ प्रश्न. फायदा मुख्यतः एक ते चार मिनिटं जीव तोडून चालणाऱ्या प्रकारांत दिसतो: ८०० आणि १५०० मीटर धावणं, ४०० मीटर पोहणं. तिथेही तो दोन-तीन टक्क्यांच्या घरातला. १ तास ५२ मिनिटांच्या वेगात आम्ल ही मुख्य अडचण नसतेच. सोळाव्या किलोमीटरला पाय जड होण्यामागे सुरुवातीचा जास्त वेग, कमी पडलेलं कार्बोहायड्रेट किंवा अपुरे लांब रन असण्याची शक्यता खूप मोठी. आधी पाच-पाच किलोमीटरचे स्प्लिट इथे टाका.

दोनचाकी: सायकल रेसमध्ये दोन तासांनंतर स्प्रिंट असतो. तिथे?

घड्याळवाला: तिथे अर्थ आहे. जवळपास दोन तास सायकल चालवल्यावरचा ३० सेकंदांचा स्प्रिंट सुधारल्याचं एका प्रयोगात दिसलंय. त्याच प्रयोगात स्प्रिंटआधीच्या १० मिनिटांच्या टाइम ट्रायलमध्ये मात्र फरक पडला नव्हता.

दोनचाकी: मी शाकाहारी आहे. मला जास्त फायदा होईल?

घड्याळवाला: बीटा-अलानिन आहारात मांस-माशांतूनच येतं, म्हणून शाकाहारींच्या स्नायूत कार्नोसिन सहसा कमी असतं. भरायला जागा जास्त, पण वेळेतला फायदाही तेवढाच जास्त होतो, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

मंदगती: स्प्लिट पाहिले. पहिले पाच २५:१०, शेवटचे पाच २८:४०. पण मंगळवारी ८०० मीटरचे सहा इंटरव्हल करतो. ते या पावडरीने सुधारले, तर हाफला आडून फायदा नाही का होणार?

घड्याळवाला: २५:१० हा १ तास ४६ चा वेग आहे, दुखणं तिथेच. पहिले पाच २६:३० च्या आत संपवू नका. इंटरव्हलचं म्हणणं तर्काला धरून आहे. शेवटच्या दोन-तीन फेऱ्या कमी घसरतीलही, पण त्यातून हाफची वेळ उतरेल असं पक्कं कुणी दाखवलेलं नाही.

पळापळ: मला तरी मुंग्या आल्या की जोर येतो बुवा.

दोनचाकी: डब्यावरची यादी वाच, त्यात कॅफीन असेल.