कापड हाताला कसं कळायला लागलं? शिवणाऱ्यांनी अनुभव सांगा

काजबटण

मी 1994 साली रविवार पेठेत एका मास्तरांकडे शिकायला लागलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. पहिलं वर्ष इस्त्री, काज, तुरपाई आणि चहा आणणं यातच गेलं. कात्री दुसऱ्या वर्षी मिळाली, आणि सातव्या-आठव्या पॅंटलाच मी घोळ घातला.

गिऱ्हाइकाने जाड सुती ड्रिल आणलं होतं, पन्हा 58. पॅंटला सव्वा मीटर लागतं, हे दहा सेंटिमीटर कमी होतं. मास्तर बाहेर गेलेले. तीन तुकडे सरळ बसले, मागचा उजवा तुकडा काही बसेना. फर्मा जरासा तिरका केला, मोहरीपाशी इंचभर असेल, आणि बसला! मला वाटलं आपण हुशारी केली. ट्रायलला पॅंट झकास. दोन धुण्यांनंतर गिऱ्हाईक परत आलं, तर उजव्या पायाची बाजूची शिलाई फिरून नडगीवर आलेली. डावा पाय जागच्या जागी.

मास्तरांनी टेप काढलाच नाही. मोहरी उसवली, इस्त्रीच्या घडीवरून एक उभा धागा सुईने उचलला आणि वर ओढत गेले. पुढच्या तुकड्यात तो घडीवरूनच गुडघ्यापर्यंत गेला. मागच्यात गुडघा यायच्या आत आतल्या शिलाईकडे सरकला. "बघ, तू शिलाई सरळ मारलीस, धागा नाही. पाणी लागलं की कापड धाग्याचं ऐकतं."

कापडाचे पैसे माझ्या पगारातून गेले, ते ठीकच. पण महिनाभर कात्रीही गेली. त्या महिन्यात रोज कातरणीच्या पोत्यातून किनार नसलेले तुकडे काढायचे आणि डोळे मिटून उभं कुठलं ते सांगायचं. दोन्ही हातांत धरून ताणायचं. उभं जवळजवळ ताणत नाही, आडवं थोडं सुटतं, उरेब तर रबरासारखं लांबतं. उरेब पहिल्याच दिवशी कळलं. उभं-आडवं मात्र पॉपलीनवर मला तीन आठवडे कळत नव्हतं, निम्मे अंदाज चुकायचे. मग एका दुपारी जाणवलं की मी फार जोरात ओढतोय. जोर लावला की दोन्हीकडून सारखंच घट्ट लागतं. फरक असतो तो पहिल्या हलक्या ओढीत.

तुमचं कसं झालं? चुका आधी सांगा.

शनिवारचा_बाजार

यात एवढं काय? किनार बघायची, तिला समांतर फर्मा ठेवायचा. किनार कधी खोटं बोलत नाही. मी वीस वर्षं घरी शर्ट शिवतो, एकही फिरलेला नाही.

उसवण

दादा, किनारीने उभा धागा कळतो, आडवा नाही. गिरणीत कापड गुंडाळताना एक बाजू पुढे ओढली गेली की आडवे धागे तिरके बसतात. चौकटीच्या कापडात लगेच दिसतं, प्लेनमध्ये दिसतच नाही. मी आधी टोकाचा एक आडवा धागा ओढून काढते, त्या रेघेवर कापते, मग किनारीवर किनार ठेवून घडी घालते. टोकं जुळली तर बरं. एकदा चार बोटांचा फरक निघाला होता!

शनिवारचा_बाजार

तसं असेल तर पाणी मारायचं, आखूड पडलेली दोन कोपरी धरून उरेबात ओढायचं आणि इस्त्री करायची. सरळ होतं. हे सगळ्या कापडांना लागू आहे.

काजबटण

सुती, लोकरीला हो. टेरिकॉटला नाही. पॉलिएस्टर गिरणीतच तापवून पक्कं केलेलं असतं. तुम्ही ओढाल, इस्त्रीखाली सरळ दिसेल, आणि पहिल्या धुण्यात पुन्हा तिरकं. आमच्याकडे असं कापड आलं की मास्तर गिऱ्हाइकाला परत करायचे. धंदा गेला तरी.

कसब्यातली_वहिनी

मी फक्त ब्लाऊज शिवते, त्यामुळे माझी चूक वेगळी. पैठणीचा ब्लाऊजपीस होता आणि बाहीला खाली काठ हवा होता. दंडाचा घेर 12 इंच, नेहमीसारखं दीड इंच सैल ठेवलं. बाई ब्लाऊज घालून आल्या आणि म्हणाल्या, हात वर केला की दंड आवळतो. मापं पुन्हा घेतली, बरोबर. मला वाटलं यांचाच दंड सुटला असेल (म्हटलं नाही अर्थात).

नंतर सासूबाईंनी दाखवलं. साडीचा काठ उभ्या धाग्याच्या दिशेने जातो. तो काठ बाहीच्या तोंडाशी घेतला की उभा धागा दंडाभोवती गोल फिरतो. एरवी दंडाभोवती आडवा धागा असतो, तो जरा सुटतो. इथे सुटायला जागाच नाही, वर जरीही देत नाही. तेव्हापासून काठाच्या बाहीला मी अर्धा इंच जास्त धरते. आतलं अस्तर त्याच दिशेने कापायचं की नेहमीसारखं, यावर माझं आणि जावेचं अजून जुळत नाही. ती म्हणते नेहमीसारखं, म्हणजे एक थर तरी सैल राहतो. मला आत चुण्या पडतात असं वाटतं.

मुळशीकर

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझा सुती कुर्ता दोन धुण्यांत गुडघ्यावर आला, रुंदीला तसाच आहे. टेलरने कापड मारलं असणार ना? कुठे तक्रार करायची?

उसवण

कापड मारलं असतं तर कुर्ता पहिल्या दिवशीच आखूड असता हो. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात. पाणी लागलं की तेच आधी आकसतात, म्हणून लांबी जाते, रुंदी फारशी जात नाही. सुती कापड रात्रभर पाण्यात ठेवून, सावलीत वाळवून मग शिवायला द्यायचं. शिंप्याने ते विचारायला हवं होतं, एवढी तक्रार रास्त आहे.

गल्ल्यामागचा

मी शिंपी नाही, लक्ष्मी रोडला कापडाच्या दुकानात तीस वर्षं काउंटरला होतो. हाताला कळतं म्हणता, पण हात फसतो सुद्धा. नवीन सुती कापडाला खळ असते. गिऱ्हाईक चिमटीत धरून म्हणतं, वा, काय जाड आहे! कापड दोन अंगठ्यांमध्ये धरून जोरात चोळा. पांढरी भुकटी बोटांना लागली तर तो जाडपणा खळीचा, धुतल्यावर मलमल. नंतर चोळलेली जागा उजेडासमोर धरा, धागे सरकून विरळ दिसतील. मालकासमोर हे करता यायचं नाही, त्यामुळे ओळखीच्यांना मी नुसतं भुवईने सांगायचो.

अजून एक. किनार नसली तर कापड दोन हातांनी झटकन ताणून आवाज ऐकायचा, उभ्याला टणक, आडव्याला बोदा. आमच्यातल्या दोघांना तो आवाज हमखास कळायचा. मला कधीच कळला नाही.

कसब्यातली_वहिनी

मला पण नाही. मिक्सर चालू असतो घरात.

काजबटण

आवाजाचं मास्तरही करायचे, पण फक्त सुतीवर. लोकरीवर ते वेगळंच करत. कापड मुठीत दहा आकडे दाबून सोडायचे आणि बघत बसायचे. चांगलं वुस्टेड हळूहळू उलगडतं, नुसतं चुरगळून पडत नाही. मग तेच कापड उलट्या मुठीवर टाकून घड्या किती पडतात ते बघायचे. बारीक, पुष्कळ घड्या पडल्या तर पॅंटला घेर जरा मोकळा ठेव म्हणायचे. दोन-तीन जाड घड्याच पडल्या तर घेर आवर, नाहीतर तंबू होईल.

वहिनी, अस्तराचं एक करून बघा. एक बाही तुमच्या पद्धतीने, एक जावेच्या. ब्लाऊज मात्र गिऱ्हाइकाचा नको, घरातला घ्या.

कसब्यातली_वहिनी

जावेचाच घेते.