मोड आलेली मटकी आणि उसळ: तुमचे अनुभव सांगा

शेवंती
आज माळ्यावरून जुनी चाळण काढली आणि आजीची मोडाची पुरचुंडी आठवली. खुंटीला टांगलेली असायची आणि आम्ही येता-जाता बोट लावून बघायचो. तिची उसळ मऊ असायची, पण दाणा न् दाणा सुटा. कुणाला अशी जमते? मोड काढण्यापासून सांगा, घाईत लिहिलं तरी चालेल.

कोकमसार
माझी अडचण आधी. पावसाळ्यात मटकी रात्रभर भिजवते, सकाळी पाणी काढून फडक्यात घट्ट बांधते आणि स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवते. दुसऱ्या दिवशी वरचे मोड छान, तळाचे बुळबुळीत आणि आंबूस वासाचे. मटकी तीच, वाणी तोच. उन्हाळ्यात असं होत नाही.

गोदाकाठ
मूग घ्या, मटकीपेक्षा लवकर मोड येतात. विषय संपला. 😄

माईआत्या
कोकमसार, तळाचेच बुळबुळीत होतात ना? तिथे पाणी साचतंय. फडक्यातून निथळलेलं पाणी डब्याच्या बुडाशी जमतं आणि झाकणामुळे हवा खेळत नाही. पावसाळ्यात ते सुकतही नाही. असं करून बघ. भिजलेली मटकी पाणी नितळ येईपर्यंत दोन-तीनदा धू. मग चाळणीत पसरून अर्धा तास ठेव, खाली थेंब पडायचा थांबला पाहिजे. त्यानंतर सैल बांध आणि पुरचुंडी चाळणीतच ठेव, खाली रिकामं पातेलं. दमट दिवसांत मधे एकदा उघडून गार पाण्याने धू आणि पुन्हा निथळ. वरून ओलं फडकं टाकायचं, पण पिळून.
आंबूस वास आलेले आणि तार सुटणारे दाणे धुऊन वापरू नकोस, सरळ टाक.

कोकमसार
चाळण! आज रात्रीच भिजवते.

पाटीपेन्सिल
भिजवल्यावर गणंग निवडता का कोणी? न फुगलेला एक दाणा दाताखाली आला की सगळी उसळ वाया.

माईआत्या
निवडायचे तर. भिजलेली मटकी ताटात पसरली की ते बारीक, गडद आणि टणक दिसतात. बांधायच्या आधीच काढायचे, मोड आल्यावर चाचपडलं तर मोड तुटतात.

रविवारचा_स्वयंपाकी
मोड किती लांब हवेत? आमच्याकडे लांबलचक आवडतात.

शेवंती
मला दाण्याएवढे बरे वाटतात. जास्त लांब झाले की ढवळताना तुटतात आणि रस्सा गढूळ होतो.

सांजवेळ
आता शिजवण्याचं. मीठ आधी घातलं की मोड कधीच शिजत नाहीत, हे लक्षात ठेवा. शेवटीच घाला.

माईआत्या
मिठाने एवढं होत नाही, मी फोडणीनंतर लगेच घालते. दाणा अडतो तो आंबटाने. कोकम, चिंच, टोमॅटो आधी पडलं की दाणा लवकर मऊ होत नाही, मग आपण शिजवत बसतो आणि मोड गळून जातात. आंबट शेवटच्या दोन-तीन मिनिटांत.
माझी पद्धत अशी: तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता. मोड टाकून मंद आचेवर दोन मिनिटं परतायचे, उलथनं खालून वर, घोटायचं नाही. मग झाकणावर पाणी ठेवून वाफ काढायची. त्या झाकणावरचंच गरम पाणी थोडं थोडं आत घालायचं. मूग सात-आठ मिनिटांत होतात, मटकीला बारा-पंधरा लागतात. दाणा दोन बोटांत दाबला की सहज दबावा, पण साल सुटू नये. तिथे गॅस बंद. पातेलं गरम असतं, त्यात आणखी थोडं शिजतं.

गोदाकाठ
कुकरला एक शिट्टी, पाच मिनिटांत जेवण. डबा सकाळी सातला निघतो, वाफ काढत कोण बसणार?

माईआत्या
मिसळीच्या कटात जायची असेल तर चालेल. कोरड्या उसळीला कुकर नको, मूग तर फुटतातच.

गोदाकाठ
आमच्या मुलांना फुटलेलेच आवडतात, काय करणार. मी कुकरच लावणार.

पाटीपेन्सिल
मटकीची डाळ भिजवून पण अशीच पुरचुंडी बांधायची का? मोड येईचनात.

सांजवेळ
डाळीला मोड येत नाहीत हो, अख्खी मटकी घ्या. आणि ताजी, जुन्या मालाला फार उशीर लागतो.

रविवारचा_स्वयंपाकी
थंडीत काय करता? मटकीला दोन दिवस लागतात इकडे.

कोकमसार
भिजवताना कोमट पाणी घ्या, आणि पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये, फक्त आतला दिवा लावून. आई धान्याच्या कणगीत ठेवायची.

शेवंती
वालांचं कोणी सांगा ना. बिरड्यासाठी सोलताना हात दुखून येतात.

सांजवेळ
मोड आले की कोमट पाण्यात दहा मिनिटं टाका. अंगठ्याने टोकाला दाबलं की साल सटकते. टीव्ही लावून बसा, घरच्यांनाही बसवा.

शेवंती
घरच्यांना बसवायचं तेवढं अवघड आहे 😄