मदत हवी आहे: ३७ व्या वर्षी खाजगी नोकरी सोडून झेडपीत कनिष्ठ अभियंता होऊ का?

रापण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सिव्हिल डिग्री, १४ वर्षं खाजगीत, सध्या पनवेलला एका कंत्राटदार कंपनीत प्रोजेक्ट इंजिनियर. गाव मालवण तालुक्यात, आईवडील तिथेच, बाबांचा गुडघा आता जिना चढू देत नाही. झेडपीची परीक्षा दिली होती, बायकोच्या आग्रहाखातर, आणि आता कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) म्हणून नियुक्ती आदेश हातात आलाय, जिल्हा सिंधुदुर्ग, म्हणजे घरापासून स्कूटरने जाता येईल असं. घरात सगळे खूश आहेत आणि मी रात्री दोनला उठून हिशोब करत बसतो.

हिशोब असा. आज हातात ७६ हजार येतात. झेडपीत एस-१४ वेतनस्तर, म्हणजे मूळ वेतन ३८,६००, महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर २१,२३०, घरभाडं १० टक्के म्हणजे ३,८६० आणि वाहतूक भत्ता १,३५०, एकूण ६५ हजार, त्यातून एनपीएसचे, म्हणजे नव्या पेन्शन योजनेचे, जवळपास ६ हजार जाणार, व्यवसाय कर, विमा वगैरे जाऊन हातात ५८ हजारांच्या आसपास. पनवेलच्या फ्लॅटचा हप्ता २४ हजार आहे, तो भाड्याने दिला तर १३-१४ हजार येतील. शिवाय रविवारी मी गाववाल्यांना घराचे प्लॅन, एस्टिमेट करून देतो, त्यातून महिन्याला ८-१० हजार सुटतात, ते धरलेच नाहीत.

प्रश्न तीन. एक, १४ वर्षांचा अनुभव कुठेच धरणार नाहीत का, पगारात किंवा पेन्शनला? दोन, कंपनीचा नोटीस पिरियड ९० दिवस आहे आणि आदेशात ३० दिवसांत रुजू व्हा असं लिहिलंय, काय करायचं? तीन, या कंपनीत मला ४ वर्षं ७ महिने झालेत, ग्रॅच्युइटी गेली का? जे या वाटेने गेलेत त्यांनी कृपया सांगा, हातात पंचवीसच दिवस आहेत.

वेंगुर्ला०७

अभिनंदन भावा! डोळे मिटून घे. जुनी पेन्शन मिळणार आता, मार्च २३ ला एवढा मोठा संप झाला त्यानंतर सरकारने मान्य केली, शेवटच्या पगाराच्या अर्धे, आयुष्यभर.

शाखा_अभियंता_निवृत्त

वेंगुर्ला, घाई करू नका, अशा चुकीच्या माहितीवर लोक राजीनामा देतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. संपानंतर जो शासन निर्णय आला, फेब्रुवारी २०२४ चा, तो ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेच्या आधी निघाली होती पण नियुक्ती नंतर झाली, अशांपुरता आहे. रापण त्यात बसत नाही.

रापण, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही असं आहे. खाजगी सेवा वेतननिश्चितीत धरत नाहीत, तू एस-१४ च्या पहिल्या रकान्यात बसणार, तुझ्या शेजारी २४ वर्षांचा मुलगा त्याच पगारावर असेल आणि गुणवत्ता यादीत तो वर असला तर तो तुला कायमचा सीनियर. हे मनाला लागतं. मी ३३ वर्षं काढली, माझ्या हाताखाली खाजगीतून आलेले दोघे होते आणि दोघांनाही पगारापेक्षा हीच गोष्ट पहिली दोन वर्षं टोचायची.

पेन्शनचं गणित सांगतो. तू ३७ चा आणि चार महिने वर असशील तर ५८ व्या वर्षापर्यंत २० वर्षं ८ महिने सेवा. यूपीएस म्हणजे एकीकृत पेन्शन योजना, तिच्या सूत्रात पूर्ण ५० टक्क्यांना २५ वर्षं लागतात, कमी असेल तर त्या प्रमाणात, म्हणजे तुझे साधारण ४१ टक्के, तेही शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनावर. ३ टक्के वाढीने वीस वर्षांत तुझं मूळ वेतन आजच्या स्केलने ६९-७० हजार होईल, नवा वेतन आयोग बाजूला ठेव, म्हणजे २८ हजारांच्या आसपास पेन्शन आणि त्यावर महागाई. एनपीएसमध्ये राहिलास तर तुझे १० टक्के, सरकारचे १४ टक्के, शेवटी ६० टक्के रक्कम हातात घेता येते आणि ४० टक्क्यांची अॅन्युइटी, म्हणजे त्यातून दरमहा पेन्शन. यूपीएसमध्ये पेन्शन ठरलेली, पण ती साठलेली रक्कम तशी तुझ्या हाती राहत नाही. राज्याने ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीएसला मंजुरी दिली, पण तुला रुजू झाल्यावर विकल्प द्यावा लागेल, तेव्हाचा शासन निर्णय स्वतः वाच, कार्यालयातल्या ऐकीव गोष्टींवर सही करू नकोस.

रापण

काका, खूप आभार. म्हणजे पूर्ण अर्धी पेन्शन माझ्या वाट्याला येणारच नाही, सव्वाचार वर्षं कमी पडतात. आणि पीएफचं काय?

शाखा_अभियंता_निवृत्त

पीएफमध्ये १४ वर्षं भरलीत ना, मग पेन्शनचा भाग काढता येत नाही, दहाच्या वर सेवा झाली की काढायची सोय बंद होते. १०सी फॉर्म भरून स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेव. पगाराची १५ हजारांची मर्यादा धरली तर १५,००० गुणिले १४ भागिले ७०, म्हणजे ५८ व्या वर्षी महिन्याला ३,००० रुपये. तेवढेच, पण तुझे आहेत. सर्टिफिकेट घेतलंच नाही तर वीस वर्षांनी कोणाकडे मागणार? आधीच्या सगळ्या कंपन्यांच्या खात्यांची सेवा एकाच यूएएनमध्ये, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकात, दिसते का ते आधी बघ, एखादा जॉइनिंग-एक्झिट दिनांक चुकला असेल तर राजीनाम्याआधीच दुरुस्त करून घे, कंपनी सोडल्यावर एचआर फोन उचलत नाही.

खाडीकाठ

माझा मुलगा पण पनवेललाच आहे हो, त्याला तलाठी भरतीत कॉल येईल का, वय ३९ आहे, ओपन मध्ये. कोणी सांगेल का?

सुरंगी

काकू, खुल्या गटाला ३८ ची मर्यादा आहे, पण एखाद्या जाहिरातीत सवलत दिलेली असू शकते म्हणून जाहिरात बघा, आणि वेगळा धागा काढा ना, इथे दादाचं राहून जाईल.

रापण दादा, मी दोन वर्षांपूर्वी खाजगी बँकेतून सरकारी खात्यात आले, माझं वय तेव्हा ३४. तुम्हाला कोणी सांगणार नाही ती गोष्ट सांगते. पहिला पगार मला तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मिळाला. सेवापुस्तक उघडा, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, एनपीएस खात्याचा प्रान नंबर, पगाराच्या प्रणालीत नाव चढवा, एक कागद अडला की महिना गेला. मी एका ईएमआयला माझ्या बांगड्या गहाण ठेवल्या, कोणालाही सांगितलं नाही. तुमचा हप्ता २४ हजार आहे तर चार हप्ते बाजूला काढल्याशिवाय राजीनामा देऊ नका. बाकी मिळालं काय विचाराल तर संध्याकाळी सहाला मुलाला शाळेतून आणते, जे आठ वर्षं केलं नव्हतं. पण काम कमी आहे असं समजू नका, वर्षअखेरीला मार्चमध्ये आम्ही रात्री दहालाच निघतो.

वेंगुर्ला०७

जुन्या पेन्शनबद्दल माझं चुकलं, काकांचं बरोबर. ग्रॅच्युइटीचं मात्र मला माहितीय, ४ वर्षं २४० दिवस झाले की पाच वर्षं धरतात, कोर्टाचा निकाल आहे. मग रापणचं झालंच.

रापण

माझे पाचव्या वर्षातले साधारण २१२ दिवस झालेत. म्हणजे आणखी २८ दिवस कामावर राहिलो तर २४०. मूळ पगार ३८ हजार आहे, म्हणजे ३८,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले ५, एक लाख नऊ हजार सहाशे. ती रक्कम सोडायला मन होत नाही, चार हप्ते त्यातूनच निघतील.

शाखा_अभियंता_निवृत्त

तो निकाल मद्रास हायकोर्टाचा, सगळ्या कंपन्या मानतात असं नाही. आधी एचआरकडून मेलवर लेखी घे. आणि दोन्ही गोष्टी एकाच किल्लीने उघडतात बघ. तीस दिवस संपायच्या आत झेडपीला मुदतवाढीचा अर्ज दे, कारण नोटीस पिरियड, सोबत कंपनीचं पत्र जोड. सेवाज्येष्ठतेचा नियम असा की आदेशाच्या तीस दिवसांत किंवा सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या वाढीव मुदतीत रुजू झालास तर गुणवत्ता यादीतला क्रमांक टिकतो. मुदतवाढ लेखी न घेता उशिरा गेलास तर तो क्रमांक जातो, उशीर फार झाला तर आदेशही रद्द करू शकतात. तोंडी 'चालेल हो या' वर बसू नकोस. आणि अर्जाची पोच घे, आवक क्रमांकासकट.

दुसरं, कनिष्ठ अभियंता म्हणजे मोजमाप पुस्तकावर सही. खाजगीत चूक झाली तर बॉस ओरडतो, फार तर नोकरी जाते. इथे त्या पुस्तकात तू लिहिलेली मापं दहा वर्षांनी लेखापरीक्षणात निघतात, आणि काम पावसात वाहून गेलं असेल तर पुन्हा मोजायला जागेवर काहीच नसतं. कोकणात हे फार होतं. साकवाचा पाया, मोरीचं भराव काम, पाण्याच्या नळाची खोली, जे मातीखाली जातं त्याचं माप भरायच्या आधी घे, त्याच दिवशी लिही, जागेवरचे फोटो तारखेसह ठेव. माझ्या एका सहकाऱ्याने ठेकेदाराच्या शब्दावर खोदाईत कठीण खडक लिहिला, जांभा होता, दर निराळा, वसुली निघाली आणि चौकशी संपेपर्यंत निवृत्तीनंतरची ग्रॅच्युइटी अडकली. माणूस लबाड नव्हता, आळशी होता.

आंबोलीघाट

रे बाबा, माझो प्रश्न येगळो. रविवारचे प्लॅन बंद करूचे लागतले ना? आणि तुझ्या बायकोन तारकर्लीक न्याहारी निवास काढूचो बेत केल्लो, तेचा काय?

रापण

बरोबर धरलंत, ते मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, भीती वाटत होती उत्तराची.

शाखा_अभियंता_निवृत्त

प्लॅन बंद. झेडपी सेवेचे १९६७ चे वर्तणूक नियम आहेत, पूर्वपरवानगीशिवाय खाजगी धंदा किंवा काम चालत नाही, आणि तू ज्या ग्रामपंचायतीत काम बघणार तिथल्याच माणसाचा प्लॅन काढलास तर ते थेट तुझ्यावर येईल. पैसे न घेता केलंस तरी लोक काय बोलतील ते मालवणात वेगळं सांगायला नको. बायकोच्या नावावरचा व्यवसाय वेगळा, तो तिचा असू दे, पण कुटुंबातला व्यवसाय कार्यालयाला लेखी कळवावा लागतो, आणि भांडवल कुठून आलं ते दाखवता आलं पाहिजे. घर आईच्या नावावर असेल तर तिचं संमतीपत्रही लागेल. पुढे मालमत्तेचं विवरण भरशील तेव्हा सगळं जुळलं पाहिजे.

सुरंगी

आणि दादा, झेडपीचं पद जिल्ह्यापुरतं असतं हे लक्षात ठेवा. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी पनवेलला यायचं झालं तर आंतरजिल्हा बदली, आणि तिथे जाऊन सेवाज्येष्ठतेत पुन्हा शेवटी. माझ्या ऑफिसातली एक ताई तशी आली आणि अजून मागेच आहे.

रापण

हे मला कोणीच बोललं नव्हतं. मुलगी सहावीत आहे.

ठीक, आता काय झालं ते लिहितो. एचआरला मेल टाकला, ग्रॅच्युइटीबद्दल त्यांनी 'लीगलला विचारून सांगतो' एवढंच उत्तर दिलं. नोटीसचं मात्र ४५ दिवसांवर मान्य केलं, उरलेल्या ४५ दिवसांचं मूळ वेतन कापणार, म्हणजे ५७ हजार. आजपासून ४५ दिवस भरले तर पाचव्या वर्षाचे २५७ दिवस होतात, २४० च्या वर. मुदतवाढीचा अर्ज आज दिला, पोच आहे, उत्तर यायचंय. बायको म्हणाली रविवारचे प्लॅन गेले तर गेले, आधी बाबांना तळमजल्यावर आणूया. काका, यूपीएसचा विकल्प मागितला की तुम्हाला पुन्हा विचारेन, तेवढं जरा बघा.

शाखा_अभियंता_निवृत्त

विचार. आणि त्या अर्जाची एक प्रत घरी फाइलीत ठेव, मोबाईलमधल्या फोटोवर भरवसा ठेवू नकोस.