ढगांतला तपशील टीव्हीच खातोय

> 'एचडीआर व्हिडिओत पांढरे ढग सपाट चुन्यासारखे दिसतात, ब्राइटनेस कमी करूनही फरक नाही.'

ब्राइटनेसने फरक पडणार नाही, अनेक टीव्हींवर ते काळ्या भागाचं बटण असतं. आधी टोन मॅपिंगचा, म्हणजे व्हिडिओतला उजेड पडद्याच्या मर्यादेत बसवण्याचा, पर्याय बघा. माझ्याकडे तो `HGIG` वर राहिला होता, पोराने गेमसाठी लावलेला. त्यात गेम स्वतःच पडद्याची मर्यादा पाळेल असं गृहीत असतं, म्हणून टीव्ही वरचा उजेड दाबून बसवत नाही, सरळ छाटतो. माझं पॅनल साधारण ६०० निट्सचं आणि मरीन ड्राइव्हचा पावसाळी व्हिडिओ १००० निट्सपर्यंतचा, म्हणजे ६०० च्या वरचं सगळं एकच पांढरं. `Dynamic Tone Mapping` `Off` केल्यावर (आमच्या टीव्हीत `Off` म्हणजे साधं स्थिर मॅपिंग) ढगांच्या कडा परत आल्या. उजळ भाग किंचित मंदावला, पण चालतंय. `On` केलं की आकाश छान दिसतं, मात्र अंधारी दृश्यंही उगाच उजळतात. मला ते खपत नाही.

`Peak Brightness` मात्र `High` वरच ठेवा. वीज वाचवायला ते `Low` केलं की छत आणखी खाली येतं.

हे सगळं एचडीआर व्हिडिओ चालू असतानाच बदला, कारण साध्या चित्राची सेटिंग्ज वेगळी साठवली जातात. मी तिथेच अर्धा तास घालवला. ढगावर पॉज करून पर्याय फिरवा. कशानेच तपशील आला नाही, तर बहुधा तो शूटिंगमध्येच जळालाय.