मदत हवी आहे: कॉलेजच्या विभागांना सबनेट पाडताना ओव्हरलॅप येतोय

हार्बर_लाईन: मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात लॅब सांभाळतो. 172.16.40.0/22 हा ब्लॉक मिळालाय. कॉम्प्युटरला 300 मशीन, मेकॅनिकलला 120, ऑफिसला 60, लायब्ररीला 25. हातात आलेल्या आराखड्यात लायब्ररी 40.0/27 वर आहे आणि लगेच पुढे ऑफिस, 40.32/26. ऑफिसच्या व्हीलॅनला 172.16.40.33 दिला की हे येतं:

```
% 172.16.40.0 overlaps with Vlan10
```

लायब्ररी 31 ला संपते, मग हे 40.0 कुठून आलं?

ठाणे_फास्ट: एवढं कशाला? /22 मध्ये चार /24 बसतात, विभागही चारच. प्रत्येकाला एक द्या. तिसरा आकडा बघितला की विभाग कळतो.

मीरा_प: आमच्या क्लासमध्येही आयपी संपतात! मुलांचे फोन वायफायवर आले की नव्याला पत्ताच मिळत नाही. यानं सुटेल का?

राउटिंगवाले_काका: मीराताई, तुमचं दुखणं डीएचसीपीच्या लीजचं दिसतंय. लीज आठ दिवसांची असेल तर दोन तासांवर आणा, गेलेल्या फोनचे पत्ते मोकळे होतील.

ठाणे_फास्ट, ओळखायला सोपं हे खरं, पण /24 मध्ये 254 च बसतात. कॉम्प्युटरचे 300 कुठे घालणार?

हार्बर_लाईन, /26 म्हणजे 64 पत्ते, आणि तो 0, 64, 128 किंवा 192 वरच सुरू होतो. 33 ला तो मास्क लावला की राउटर त्याला 0 ते 63 मध्येच धरतो, आणि तिथे लायब्ररी बसलीय. काही उपकरणं अशी चूक मुकाट्याने घेतात. मग ऑफिसच्या पीसीला लायब्ररीचा पीसी आपल्याच नेटवर्कात वाटतो, तो गेटवेकडे जातच नाही. पिंगला `Destination host unreachable` येतं, इंटरनेट मात्र चालतं. त्यामुळे दोष लवकर सापडत नाही.

मोठ्यापासून वाटत या, हद्दी आपोआप जुळतात:

```
Computer    172.16.40.0/23
Mechanical  172.16.42.0/24
Office      172.16.43.0/25
Library     172.16.43.128/27
```

ऑफिसचे 60 तसे /26 मध्ये मावतात, पण वापरायला 62, त्यातला एक गेटवेला. दोन प्रिंटर आले की संपलं. मेकॅनिकलचंही /25 मध्ये तसंच होईल. 43.160 पासून पुढचं मोकळं ठेवा, स्विचच्या मॅनेजमेंटला लागेल.

ठाणे_फास्ट: 300 मशीन एकाच ब्रॉडकास्टमध्ये? मी तरी प्रत्येक लॅबला वेगळा व्हीलॅन देईन. त्याच /23 चे तुकडे करता येतात.

राउटिंगवाले_काका: 300 चालतात. पण लॅबच्या परीक्षेत एकाच लॅबचं इंटरनेट बंद करायचं असेल तर तुमचं बरोबर.

हार्बर_लाईन: नव्या आकड्यांनी चारही व्हीलॅन उभे राहिले, ऑफिसमधून लायब्ररीला पिंग जातोय. परीक्षेला एकच लॅब बंद करावी लागते खरी. पण आम्ही सगळ्या लॅबच्या मशीनवर इमेज एकाच सर्व्हरवरून मल्टिकास्टने टाकतो. व्हीलॅन वेगळे केले तर ते कोणी चालवलंय का?